कोरी राखलेली जागा

जालन्याच्या ज्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, तिचे मार्मलेड करून काचेच्या बरणीत विकू पाहणारे लहान उत्पादक जेव्हा लेबलाची फर्माईश घेऊन येतात, तेव्हा पिवळेधमक फळ ठसठशीत दिसावे आणि उरलेला मजकूर जमेल तेथे बसवावा, अशी बहुतेकांची मनीषा असते. मी मात्र मसुद्याचा आरंभ कोऱ्या जागेपासून करतो.

तेरा अंकी बारकोड मूळ मापात, कडेच्या मोकळ्या पट्ट्यांसह, ३७.२९ मिलिमीटर रुंद आणि अंकांसह सुमारे २६ मिलिमीटर उंच असतो. तो ८० टक्क्यांपर्यंत लहान करण्याची मुभा आहे, त्याखाली नाही. जीएस१ इंडियाकडून क्रमांक येईपर्यंत तेवढा पांढरा आयत राखून ठेवावा लागतो. त्यातही सर्वांत बारीक रेघेच्या अकरापट जागा डावीकडे आणि सातपट उजवीकडे निर्मनुष्य रानासारखी मोकळी हवी, कारण रेघांचा आदि-अंत यंत्र तिच्याच आधारे ओळखते. आणि नेमकी तेथेच वेलबुट्टीची चौकट ओढण्याचा मोह ग्राहकास होतो! नारिंगी रेघांचा हट्टही मी मोडून काढतो, कारण वाचकयंत्राच्या तांबड्या प्रकाशात त्या पांढऱ्या भूमीत विरून जातात. बरणी अरुंद असेल, तर वक्रतेमुळे टोकाच्या रेघा यंत्राच्या दृष्टीआड जातात, म्हणून संकेत आडवा फिरवून रेघा शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक येतील अशी तजवीज करतो.

दुसरी कोरी चौकट बॅच क्रमांक आणि तारखांची. हा मजकूर प्रत्येक घाण्यागणिक बदलतो, सबब तो नंतर शिक्क्याने उमटवायचा असतो. म्हणून तेवढ्या भागावर वार्निश चढवू नये, अशी ताकीद छापखान्यास लेखी देतो. चकाकत्या थरावर शाई मुरत नाही, आणि ओलसर अंगठा फिरवताच तारीख पुसली जाते.

घटकांच्या यादीवर मात्र हमखास वाद होतो. ‘‘दादा, साखर तेवढी खाली सरकवा ना, मोसंबी वर येऊ द्या,’’ अशी विनवणी होते. परंतु घाण्यात रस व साल मिळून ४ किलो आणि साखर साडेचार किलो पडत असेल, तर उतरत्या वजनाच्या कायदेशीर क्रमात साखरेचाच मान पहिला. शिवाय फळाचे चित्र मिरवायचे, तर फळाचे शेकडा प्रमाणही सांगावे लागते. निव्वळ वजन लिहिताना बरणीचे वजन त्यात धरावयाचे नाही, हे कोणी सहसा विसरत नाही.

अखेर नमुना खऱ्या कागदावर छापून, भरलेल्या बरणीवर चिकटवून, ओळखीच्या किराणा दुकानातील यंत्राखाली धरतो, आणि पडद्यावरचे तेराही अंक कागदाशी ताडून पाहिल्यावरच छपाईचा हुकूम देतो.