लांबून येणारा शह

परभणीत चिनी बुद्धिबळाचा संच कुणाकडे मागायचा? मी फ्लेक्सच्या दुकानात पट छापून घेतला आणि बाटल्यांच्या झाकणांवर अक्षरं रंगवली. खेळायला भाचा आहे. आपल्या बुद्धिबळात तो माझ्यापेक्षा बराच पुढे आहे आणि नेमकं त्यामुळेच या पटावरचा शेवट त्याला जड जातो.

या पटावर सोंगट्या घरात बसत नाहीत, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बसतात. मधून नदी जाते. दोन्ही टोकांना तीन उभ्या आणि तीन आडव्या रेघांचा राजवाडा असतो आणि सेनापतीला त्याबाहेर पडता येत नाही. पडझडीच्या डावात राजा पटाच्या मध्यावर आणायचा, ही आपली सवय इथे निरुपयोगी ठरते. त्या बदल्यात एक नियम मिळतो. दोन्ही सेनापती एकाच उभ्या रेघेवर आले आणि मध्ये एकही सोंगटी नसली, तर ती स्थिती बेकायदा. जो तशी खेळी करेल त्याचीच खेळी चुकीची. म्हणजे माझा सेनापती माझ्या टोकाला मधल्या रेघेवर नुसता बसला, तरी समोरच्या राजवाड्याची मधली रेघ बंद होते.

समोर एकटा सेनापती उरला असेल तर हे लगेच दिसतं. समजा तो शेवटच्या ओळीत, माझ्या बाजूने पाहता राजवाड्याच्या डाव्या रेघेवर आहे. माझा रथ, म्हणजे आपल्या हत्तीसारखा सरळ चालणारा, त्याच रेघेवर दुरून शह देतो. पुढे सरकला तरी तो रथाच्या माऱ्यातच राहतो आणि मधल्या रेघेवर माझा सेनापती त्याला येऊ देत नाही. मात. माझा सेनापती जागचा हललाही नाही.

खरी मजा दोन सल्लागार उरलेले असताना येते. सल्लागार राजवाड्यातच एक पाऊल तिरपे चालतात. परवा भाच्याचा सेनापती त्याच डाव्या कोपऱ्यात होता, एक सल्लागार राजवाड्याच्या मध्यबिंदूवर आणि दुसरा शेवटच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात. दोघे एकमेकांना राखून होते, त्यामुळे रथाने मारामारी करण्यात अर्थ नव्हता. मी रथ डाव्या रेघेवर, नदीच्या पलीकडच्या काठावर आणून शह दिला. मधला सल्लागार आडवा घातला असता तर रथाने तो मारला असता आणि तिथेच मात झाली असती, कारण सल्लागार हलल्याने मधली रेघ उघडी पडते आणि सेनापतीला तिकडे पळता येत नाही. भाच्याने ते ओळखलं आणि सेनापती मधल्या रेघेवर सरकवला, सल्लागाराच्या मागे.

"आता द्या शह, मामा," तो म्हणाला.

मी शह दिला नाही. रथ त्याच रेघेवर एक पाऊल मागे, नदीच्या अलीकडे घेतला. बस्स. आता मधला सल्लागार हलला की सेनापती समोरासमोर येतात, म्हणून तो जागीच खिळला. कोपऱ्यातल्याला जायला तेवढीच एक जागा, तीही भरलेली. सेनापतीच्या उजवीकडे स्वतःचाच सल्लागार, डावीकडे माझा रथ. त्याला एकही खेळी उरली नाही.

भाचा हसत म्हणाला, "बरोबरी!" आपल्याकडे शह नसताना राजा कोंडला की डाव बरोबरीत सुटतो, इथे कोंडलेला हरतो. तो बराच वेळ वाद घालत होता. माझ्या मते इथला नियमच जास्त शहाणा आहे, पण ते असो.

त्याला सांगितलं ते एवढंच, की दुसरा सल्लागार ज्या कोपऱ्यात आहे त्याच्या उलट बाजूची रेघ रथाने धरायची. आणि रथ फार जवळ न्यायचा नाही. सेनापती कोपऱ्यात असताना मधला सल्लागार मोकळा असतो; एक तिरपं पाऊल टाकून तो रथ खातो. लागोपाठ शह देत बसणंही उपयोगाचं नाही, कारण तेच तेच शह देत राहणाऱ्यालाच नियमाने खेळी बदलावी लागते.

हत्ती शिल्लक असले की मात्र चित्र पालटतं. इथला हत्ती तिरपा दोन पावलं चालतो आणि नदी ओलांडत नाही. तो राजवाड्याच्या पुढच्या कडेवर मधल्या रेघेत उभा राहिला की दोन सेनापतींच्या मध्ये दोन सोंगट्या होतात आणि खिळलेला सल्लागार सुटतो. शिवाय दुसऱ्या हत्तीची ये-जा चालू राहते, म्हणजे खेळी संपत नाहीत. दोन्ही सल्लागार आणि दोन्ही हत्ती नीट मांडून बसलेले असतील तर एकट्या रथाला तो कोट फुटत नाही; डाव बरोबरीत जातो. हे कळल्यापासून भाचा सोंगट्यांच्या अदलाबदलीत आपले हत्ती सोडायला तयारच होत नाही, आणि मला ते मारण्यासाठी डावाच्या मध्यातच घोडा खर्ची घालावा लागतो.