पगाराची चिठ्ठी आणि घरची वही

धाकटे दीर मुळशी तालुक्यांत पिरंगुटच्या एका कारखान्यांत आहेत. डिसेंबर २०२० मध्यें त्यांचा पगार ३०,००० रुपये होता, तो डिसेंबर २०२४ मध्यें ३८,००० झाला. "आठ हजार वाढूनहि हात आखडता कसा?" असें सासूबाईंनीं विचारलें, म्हणून मीं दोन्ही चिठ्ठ्या पुढें घेतल्या. बोनस व जादा कामाचे पैसे वगळले, आणि कपातीपूर्वींचाच आंकडा धरला. कारण फंडाची कपात बदलली कीं तुलना फसते.

औद्योगिक कामगारांचा अखिल भारतीय ग्राहक किंमत निर्देशांक त्या दोन महिन्यांत अनुक्रमें ११८.८ व १४३.७ होता. नव्या पगारास पहिल्यानें गुणून दुसऱ्यानें भागलें, तेव्हां २०२० च्या रुपयांत ३१,४१५ आले. आठ हजारांचे असे चौदाशेंच उरले!

पण निर्देशांक सरासरी घराचा. जाऊबाईंच्या वहींतील तेंच सामान, त्याच मापानें, २२,००० वरून २७,९०० वर गेलें आहे. शेंकडा सुमारें सत्तावीस, आणि पगारहि तितकाच वाढला. म्हणजे त्यांच्या बिऱ्हाडापुरती वाढ शून्य. मात्र शाळेची फी मीं त्याच इयत्तेची ताडून घेतली. मूल वरच्या वर्गांत गेल्यानें वाढलेला खर्च ही महागाई नव्हे.