एक सुरमई आणि पोतेभर तांदूळ

वसतिगृहाच्या एकाच खोलीत राहणारे दोन मित्र. एक सांगलीच्या धान्यव्यापारी जैन घरातला, दुसरा मालवणच्या मासेमार घरातला. मांसाहार नीतीला धरून आहे की नाही, यावर त्यांचे एकमत कधीच झाले नाही. तथापि एके रात्री झालेला त्यांचा संवाद विचार करण्याजोगा आहे.

मालवणच्या मित्राने हिशेबच मांडला. "एका मोठ्या सुरमईत आमचे अख्खे घर जेवते. जीव गेला एक. तुझ्या पोतेभर तांदळासाठी नांगरणीत, चिखलणीत, फवारणीत किती किडे, बेडूक, उंदीर मेले, ते कोणी मोजले? मग अधिक हिंसा कोणाची?"

"हा प्रश्न नवा नाही," सांगलीचा मित्र म्हणाला. "सूत्रकृतांगात आर्द्रककुमाराला हस्तितापस भेटतात. वर्षाला एकच हत्ती मारून त्यावर निर्वाह करायचा, म्हणजे बाकीचे असंख्य जीव वाचतात, असा त्यांचा दावा. आर्द्रककुमाराने तो मानला नाही. वर्षाला एक जीव मारणाराही हिंसेतून मुक्त होत नाही. नांगर पिकासाठी चालतो, किडा मरावा म्हणून नव्हे. सुरमई मात्र मारल्यावाचून ताटात येतच नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही, संकल्पी हिंसा सोडता येते."

"हेतूचेच म्हणतोस, तर तुमच्या गोदामाचे सांग. गव्हाला कीड लागली की थप्पीवर ताडपत्री टाकून विषारी गोळ्या ठेवतात. तेथे किडा मारणे हाच हेतू नसतो का?"

सांगलीचा मित्र काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "असतो. त्याला उद्योगी हिंसा म्हणून मी मोकळा होऊ शकत नाही. ती जाणूनबुजूनच होते. पण त्यामुळे मासे खाणे निर्दोष ठरत नाही, माझा दोष तेवढा उघड होतो. माल नीट वाळवला, खाली फळ्या टाकल्या, जुना-नवा माल वेगळा ठेवला, तर कीड लागण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. गोळी सोपी पडते, म्हणून आम्ही ती धरतो."

"मग माझेही ऐक. आजोबांचे शेत म्हणजे समुद्रच. त्यांनी दुसरे काय पिकवायचे होते? त्यांना मी दोषी म्हणणार नाही. येथे मात्र डाळ-भाजी रोज मिळते. येथे मासे खाणे ही माझी गरज नाही, आवड आहे, एवढे मान्य. ती आवड चूक आहे, हे मला अजून पटत नाही."

वाद तेथेच थांबला. पुढच्या सुट्टीत सांगलीच्या मित्राने वडिलांपुढे माल वाळवून भरण्याचा विषय काढला. वडिलांनी विचारले, "वाळवल्यावर वजन घटते. ती तूट कोणी सोसायची?" मुलगा म्हणाला, "आपण." नव्या हंगामात आधी दहा पोती वाळवून किती तूट येते ते पाहायचे ठरले.