सहा सेकंदांचा बाप

देसाईगंज हे नाव कागदावर. झाडीपट्टीत त्याला वडसाच म्हणतात. तिथल्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर गावोगावच्या मंडईत उतरतात. 2017 च्या हिवाळ्यात वडशाजवळच्या एका गावी मी असंच एक नाटक बघायला बसलो होतो. पडदा रात्री दहानंतर वर गेला. पहाटे तीनच्या सुमारास मुलीच्या पाठवणीचा प्रवेश आला. बाप मोठ्याने हसतो, व्याह्यांना पान देतो, मग खांद्यावरचा दुपट्टा डोळ्यांना लावतो. दुपट्टा खाली येतो तेव्हा तो पुन्हा हसतच असतो. मांडवातून वन्स मोअरची आरोळी उठली आणि त्या नटाने तेवढंच पुन्हा केलं. दुसऱ्या वेळी मी मोबाइलवर ते टिपून घेतलं.

व्हॉट्सॲपमध्ये व्हिडिओ सहा सेकंदांच्या आत कापला की वर GIF अशी खूण येते. ती दाबली की आवाज निघून जातो आणि चित्र पुन्हा पुन्हा फिरत राहतं. जिफ तसं 1987 चं. ते थांबू नये ही सोय नेटस्केप ब्राउझरने 1995 मध्ये केली. मी घाईत कापलं ते दुपट्टा डोळ्यांवर असतानाच. म्हणजे माझा बाप आधी रडायचा, मग हसायचा, मग पुन्हा रडायचा. रंगमंचावर त्याच्या हसण्यामागे रडणं होतं. फिरत्या चित्राला मागं-पुढं नसतं. कशामुळे काय झालं, हेच त्यातून गळून गेलं.

आमच्या डी.एड.च्या मित्रांच्या गटात ते पहिल्यांदा पाठवलं तेव्हा मात्र नेमकं बसलं. भामरागडकडे नऊ वर्षं काढलेल्या एका मित्राची बदली चंद्रपूरला झाली होती. तो खूश होता, आणि शाळेतली पोरं त्याला सोडत नव्हती. अभिनंदन म्हणावं तर पोरांचा अपमान, वाईट वाटलं म्हणावं तर घरी वाट पाहणाऱ्या वहिनींवर अन्याय. मी बाप पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘‘हेच होऊन रायलं बाप्पा.’’

पुढं गटात त्याची झीज सुरू झाली. पगार लांबला, बाप. निवडणुकीची ड्यूटी लागली, बाप. सारखं वापरल्यावर ‘चालायचंच’ एवढाच अर्थ उरला. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली त्या संध्याकाळी सगळ्यांनी तोच पाठवला. त्या दिवशी तो निखळ आनंदाचा होता. नटाचं हसणं नटाकडे परत गेल्यासारखं मला वाटलं.

एकदा मात्र घात झाला. जिथं नेटवर्क डोंगरावर चढल्यावर मिळतं, अशा गावातल्या मित्राला मी तो पाठवला होता. त्याच्या गावची शाळा तपासणीत चांगली ठरली होती. चित्र पूर्ण उतरेपर्यंत फोनवर पहिल्या क्षणाचं धूसर छोटं चित्र दिसतं. त्याला दिसला डोळ्याला कापड लावलेला माणूस. सोबत शब्द नव्हता. रात्रभर त्याला झोप नाही. माझ्या घरी कोणी गेलं असं तो धरून बसला. सकाळी डोंगरावरून त्याचा फोन आला, ‘‘काका बरे आहेत ना रे?’’

त्या दिवशी मी मूळ व्हिडिओ काढून पुन्हा कापला, हसण्यापासून सुरू होणारा. धूसर चित्रातही आता हसरा माणूस दिसे. पण पहिला परत मागवणं शक्य नव्हतं. दोघेही हातोहात फिरत राहिले. नंतर माझा फोन बिघडला आणि मूळ व्हिडिओ गेला. व्याह्यांचं पान गेलं, हार्मोनियम गेली, तो बाप हसत काय बोलत होता तेही गेलं. मला आज त्याचं वाक्य आठवत नाही, याची खंत आहे.

माझी मुलगी नागपूरला वसतिगृहात शिकायला गेली. एके रात्री तिने मैत्रिणीची एक फजिती लिहिली आणि खाली तोच बाप डकवला. कुणीतरी त्यावर पिवळी चौकट चढवली होती. तिच्या लेखी तो हसून हसून डोळे पुसणारा माणूस. मी तिला मंडईची रात्र सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘बाबा, आम्हा सगळ्यांना तो हसतानाच दिसतो.’’ तिला मी चूक कसं म्हणू? हसणं तर त्या चेहऱ्यावर होतंच.

गेल्या जूनमध्ये तिला पुण्याला नोकरी लागली. चंद्रपूरला गाडीत बसवून मी घरी आलो. मी फलाटावर फार बोलत होतो, डब्याचं, पाण्याच्या बाटलीचं, वरच्या बर्थचं. गाडी वर्धेच्या अलीकडे असावी तेव्हा फोन वाजला. नेटवर्क अर्धवट होतं. चित्र उतरत नव्हतं, नुसता धूसर चौकोन, आणि त्यात डोळ्यांवर दुपट्टा. तिने जुना शोधून पाठवला होता.