मावशीचा आवाज आणि एक अडलेला स्वरतंतू

हे वाचता वाचता एक छोटासा प्रयोग करून बघा. खोल श्वास घ्या, ‘आ’ म्हणा आणि तो सूर एका श्वासात जितका लांबवता येईल तितका लांबवा. निरोगी मोठ्या माणसाला साधारण पंधरा-वीस सेकंद सहज जमतं. गेल्या वर्षी माझ्या बडोद्याच्या मावशीला पाचव्या सेकंदालाच थांबावं लागत होतं. तिच्या ‘आ’मध्ये सूर कमी आणि हवाच जास्त होती.

मावशी प्राथमिक शाळेत शिकवते. थायरॉइडच्या डाव्या बाजूला गाठ होती, म्हणून तो अर्धा भाग शस्त्रक्रियेने काढला. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. आवाज बसला होता, पण भूल देताना श्वासनलिकेत नळी घातलेली असते, त्यामुळे सूज येते, हे आम्हाला माहीत होतं. अशी सूज काही दिवसांत उतरते आणि आवाज रोज थोडा थोडा सुधारत जातो. मावशीचा मात्र तीन आठवड्यांनंतरही तसाच होता. फोनवर दोन वाक्यं बोलली की तिला धाप लागायची. पाणी पिताना ठसका बसायचा, पोळी मात्र नीट गिळता यायची. खोकलासुद्धा जोर नसलेला, पोकळ वाटायचा.

‘घसा बसलाय, गरम पाणी पी’ असं म्हणणारे घरात भरपूर होते. पण बसलेला घसा आणि हे, यात फरक आहे. सर्दीने आवाज घोगरा, खरखरीत होतो. इथे आवाज विरळ होतो, फुग्यातून हवा सुटावी तसा. कारण समजून घ्यायला स्वरयंत्र डोळ्यांसमोर आणा. त्यात दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते उघडतात, बोलताना मधोमध येऊन एकमेकांना टेकतात आणि खालून येणाऱ्या हवेने थरथरतात. एक तंतू हललाच नाही, तर दाराचं एकच पान लावल्यासारखं होतं. फटीतून हवा निसटते, म्हणून आवाज हवेशीर आणि म्हणूनच धाप. फुप्फुसं ठणठणीत असली तरी प्रत्येक शब्दावर जास्त श्वास खर्च होतो. गिळतानाही हेच दार लागतं. ते नीट लागलं नाही की पाणी चुकीच्या वाटेने जातं.

हा तंतू हलवणाऱ्या नसेची वाट विचित्र आहे. रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह असं तिचं नाव. ती मानेतून थेट स्वरयंत्राकडे जात नाही. डावी नस आधी छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर येते. शेवटच्या टप्प्यात ती थायरॉइडला अगदी चिकटून जाते, म्हणून त्या शस्त्रक्रियेत तिला धोका असतो. ती कापलीच पाहिजे असं नाही, नुसती ताणली गेली तरी काम थांबवू शकते. मानेच्या मणक्याच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरही असं होतं. कधी विषाणू संसर्गानंतर होतं, तर कधी कारण सापडतच नाही.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कुठलीही शस्त्रक्रिया झालेली नसताना एक तंतू थांबला, तर डॉक्टर कवटीच्या तळापासून छातीपर्यंत सीटी स्कॅन सांगतात. ‘आवाजासाठी छाती कशाला?’ असा प्रश्न पडेल, पण नसेची वाटच तिथून जाते. फुप्फुसातली किंवा थायरॉइडमधली गाठ, छातीतल्या वाढलेल्या लसिकाग्रंथी यांची पहिली खूण कधीकधी फक्त आवाज असतो.

मावशीच्या बाबतीत कारण समोरच होतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकात सुन्न करणारा स्प्रे मारून बारीक, लवचिक दुर्बीण घातली. काही मिनिटांत पडद्यावर दिसलं की उजवा तंतू हलतोय आणि डावा बाजूला तसाच उभा आहे. थायरॉइडच्या सर्जननी नोंदीत नस अखंड दिसल्याचं लिहिलं होतं. म्हणजे ती स्वतःहून जागी होण्याची आशा होती. पण नस हळूहळू सुधारते, त्यामुळे कायमच्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा नऊ महिने ते वर्षभर थांबतात. दरम्यान नसेची स्थिती जाणण्यासाठी स्वरयंत्राच्या स्नायूंची ईएमजी तपासणीही करता येते.

वर्षभर थांबायचं, पण शाळा तर जूनमध्ये सुरू होणार! त्यावर उपाय होता इंजेक्शनचा. अडलेल्या तंतूत जेलसारखा पदार्थ भरून त्याला फुगवायचं, म्हणजे तो मध्याकडे सरकतो आणि चालता तंतू त्याला येऊन टेकतो. मावशीला हायलुरोनिक अ‍ॅसिड दिलं, जेमतेम अर्धा मिलिलिटर. मानेवर बाहेरून सुई, नाकातून दुर्बीण, पूर्ण भूल नाही. काही दिवस आवाज दाटल्यासारखा वाटला, मग मोकळा झाला. ‘आ’ बारा सेकंदांवर गेला आणि ठसकेही कमी झाले. हे जेल काही महिन्यांत शरीरात विरघळतं, आणि नस जागी होण्याची शक्यता असताना तेच हवं असतं. जास्त टिकणारे पदार्थही असतात, पण ते अशा वेळी घाईने भरत नाहीत.

सोबत स्पीच थेरपी होती. तिने तंतू हलत नाही, हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. पण आवाज काढायला माणूस गळ्याचे वरचे स्नायू आवळू लागतो आणि मान दुखून येते, ती सवय तिथे मोडते. पाणी पिताना मान दुबळ्या बाजूला वळवायची युक्तीही मावशीला तिथेच मिळाली.

पाच महिन्यांनी आवाज पुन्हा विरळ झाला. वर्ष सरलं तरी डावा तंतू हलला नाही. मग थायरोप्लास्टी ठरली. ही पद्धत जपानच्या डॉ. इशिकी यांनी 1970च्या दशकात मांडली. मानेवर छोटा छेद देऊन स्वरयंत्राच्या कूर्चेत एक खिडकी करतात आणि तिथून सिलिकॉनचा तुकडा बसवून तंतू आत ढकलतात. गंमत म्हणजे रुग्णाला यात जागं ठेवतात. तुकडा किती जाड हवा, हे रुग्णाच्या आवाजावरूनच कळतं. डॉक्टर म्हणाले, “बोलत राहा,” तर मावशीने बेचा पाढा सुरू केला. बे एके बे, बे दुणे चार. आवाज ठीक लागला तिथे तुकडा पक्का केला. सूज येऊन श्वासाला अडथळा होऊ शकतो, म्हणून एक रात्र देखरेखीखाली ठेवलं.

फट मागच्या बाजूला मोठी असेल, तर त्यासोबत तंतूच्या मागची कूर्चा वळवणारा टाकाही घालतात. मानेतली दुसरी नस जोडण्याचा पर्यायही आहे, पण त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात. कुठल्याही उपायाने तंतू पूर्वीसारखा हलू लागत नाही. मावशीचा आवाज आज स्पष्ट आहे, पण प्रार्थनेतला वरचा सूर लागत नाही आणि वर्गात ती कमरेला लावायचा छोटा माइक वापरते.

तुमच्या घरात कुणाचा आवाज तीन-चार आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर गोळ्या बदलत बसू नका, दुर्बिणीने तपासून घ्या. शस्त्रक्रियेनंतर आवाज असा हवेशीर झाला असेल, तर तेवढंही थांबू नका. आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर दोन्ही तंतू अडलेले असू शकतात. अशा वेळी आवाज बरा असला तरी फसू नका, त्याच क्षणी रुग्णालय गाठा.