चार की पाच? स्क्रीनवरचा पहिला आकडा



गेल्या वर्षी सोयाबीन काढणीच्या दिवसांतली गोष्ट. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला होता आणि तो शेवटचा दिवस होता. तिची आई रानातून थेट शाळेत आली. अर्ज भरला, फोटो चढवला, फीचे २०० रुपये यूपीआयने भरायला बटण दाबलं. गोल चक्र फिरलं, फिरलं आणि पांढऱ्या पानावर एवढंच आलं:

```
502 Bad Gateway
nginx
```

मी म्हणालो, "साईट बंद पडली." मागे गेलो आणि परत बटण दाबलं. या वेळी पावती आली. मी खूश. तेवढ्यात त्या ताईंनी फोन पुढे केला, "सर, दोनदा कट झालेत की ओ पैसे." आमच्या धाराशिव जिल्ह्यात रोजानं जाणाऱ्या बाईला २०० रुपये म्हणजे काय, हे सांगायला नको. चूक माझी होती. पानावर काय लिहिलंय ते न वाचताच मी बोट चालवलं होतं.

त्यानंतर मी हे आकडे नीट समजून घेतले. मी संगणकाचा शिक्षक नाही, मराठी शिकवतो. पण या आकड्यांचं व्याकरण सोपं आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट. 403, 404, 502, 503 यांपैकी काहीही दिसलं, तर आपलं नेट चालू आहे. आपली विनंती पलीकडच्या संगणकापर्यंत, म्हणजे सर्व्हरपर्यंत गेली आणि तिथून उत्तर आलं. तो आकडा म्हणजेच ते उत्तर. नेट खरंच नसेल, तेव्हा क्रोममध्ये तो छोटा डायनासोर आणि `ERR_INTERNET_DISCONNECTED` असं दिसतं. त्यामुळे 503 दिसल्यावर रेंजसाठी गच्चीवर जाण्यात किंवा सिम बदलण्यात अर्थ नाही.

आता पहिला आकडा बघायचा. चारने सुरुवात असेल, तर 'तुमची ही विनंती मला मान्य करता येत नाही' असा अर्थ. तीच विनंती तशीच पुन्हा केली तर बहुतेक तेच उत्तर येणार, म्हणून आपल्याकडचं काहीतरी तपासायचं. पाचने सुरुवात असेल, तर 'तुमची विनंती चुकीची नाही, पण माझ्याकडून काम झालं नाही.' इथे आपण काही दुरुस्त करायचं नसतं, थांबायचं असतं. १९९६ साली वेबचे नियम लेखी स्वरूपात आले, तेव्हापासून हे चारही आकडे त्यात आहेत. म्हणून धाराशिवची साईट असो की परदेशातली, अर्थ तोच.

404 Not Found

म्हणजे सर्व्हर सापडला, पण तुम्ही मागितलेलं पान त्याच्याकडे नाही. शाळेच्या कार्यालयात जाऊन एखाद्या नावाचा दाखला मागावा आणि "या नावाचा विद्यार्थी आमच्या रजिस्टरला नाही" असं उत्तर यावं, तसं. कधी पान खरंच काढून टाकलेलं असतं. पण कधी आपणच नाव चुकीचं सांगितलेलं असतं. माझं उदाहरण घ्या. पालकांच्या ग्रुपवर मी यादीची लिंक टाकली आणि पुढे लगेच लिहिलं, 'वर पाहा'. शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडून लिहायचं, हे वीस वर्षं शिकवतोय, तर लिंकलाही जोडून टाकलं! लिंक अशी झाली (पत्ता नमुन्यादाखल आहे):

```
https://example.com/yadi.pdfवर
```

फोनने 'वर'सकट सगळं निळं केलं. पालकांनी बोट लावलं आणि सगळ्यांना 404. सर्व्हरकडे `yadi.pdf` होती, पण `yadi.pdfवर` नावाचं काही नव्हतं. एका पालकाने तो पत्ता कॉपी करून मला पाठवला, तेव्हा शेवटी असं शेपूट दिसलं:

```
yadi.pdf%E0%A4%B5%E0%A4%B0
```

हा व्हायरस नाही, ते आपलं 'वर'च आहे. पत्ता पाठवताना देवनागरी अक्षरं अशा रूपात लिहिली जातात. लिंकच्या शेवटी `%E0%A4` दिसलं, की मराठी अक्षर चिकटलंय का ते पाहावं, शेपूट काढावं आणि पुन्हा उघडावं. तेव्हापासून मी लिंक वेगळ्या ओळीवर एकटी टाकतो. व्याकरण वाक्यात पाळावं, लिंकला नको.

403 Forbidden

म्हणजे पलीकडून परवानगी नाकारली. पान आहे, पण तुम्हाला दाखवायचं नाही. लॉगिनची वेळ संपलेली असते, किंवा दुसऱ्याच्या लॉगिनमधली लिंक आपण उघडत असतो. पहिला उपाय म्हणजे बाहेर पडून नव्याने लॉगिन करणं. एका वडिलांना मात्र लॉगिनच्या आधीच, मुख्य पानावरच 403 येत होतं. माझ्या फोनवर तीच साईट नीट उघडत होती. शोधता शोधता कळलं, की मुलाने गेमसाठी त्यांच्या फोनमध्ये फुकटचं व्हीपीएन ॲप टाकलं होतं. व्हीपीएन चालू असलं की आपण दुसऱ्याच देशातून आल्यासारखं साईटला दिसू शकतं, आणि काही सरकारी साईट परदेशातून आलेल्यांना आत घेत नाहीत. व्हीपीएन बंद केलं, साईट उघडली. म्हणून 403 एकाच फोनवर येत असेल तर आधी त्या फोनमध्ये शोधावं. सगळ्यांच फोनवर येत असेल तर आपल्या हातात काही नाही.

503 Service Unavailable

'सध्या सेवा देता येत नाही, नंतर या.' कारण बहुधा गर्दी किंवा दुरुस्ती. १६ जुलै २०२१ आठवतो ना? कोरोनामुळे परीक्षेविना लावलेला दहावीचा निकाल दुपारी १ वाजता जाहीर झाला, राज्यभरातले लाखो विद्यार्थी आणि पालक एकाच वेळी साईटवर गेले आणि कितीतरी तास निकाल उघडेना. अशा वेळी आपण दर पाच सेकंदांनी रिफ्रेश करतो. पण प्रत्येक रिफ्रेश ही एक नवी विनंती असते, म्हणजे रांगेत उभा असलेला माणूस आणखी दहा माणसं आणून उभी करतो. निकालासारखं नुसतं बघायचं पान असेल, तर रिफ्रेशने आपलं काही बिघडत नाही, फक्त गर्दी वाढते. दहा-पंधरा मिनिटं फोन खाली ठेवावा.

502 Bad Gateway

आता माझ्या चुकीकडे येतो. मोठ्या साईटला एक दरवाजा असतो आणि आत काम करणाऱ्या खोल्या. पानाखाली दिसणारं `nginx` हे अशाच एका दरवाजाचं नाव आहे. ते वापरायला मोफत आणि जगभर चालणारं सॉफ्टवेअर आहे, त्याला घाबरायचं कारण नाही. आपण कागद दरवाजावरच्या शिपाईमामांकडे देतो, ते आत देतात आणि उत्तर आणून आपल्याला देतात. 502 म्हणजे शिपाईमामा सांगतात, "मला आतून धड उत्तर मिळालं नाही." 504 दिसलं तर, "मी वाट बघितली, पण वेळेत उत्तरच आलं नाही."

ते 'काम झालं नाही' असं म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. आत साहेबांनी सही करून ठेवली असेल आणि कागद बाहेर येताना अडला असेल. किंवा साहेबांनी कागद पाहिलाही नसेल. शिपाईमामांना ते माहीत नाही, म्हणून आपल्यालाही माहीत नाही. निकाल बघताना याने फरक पडत नाही. पैसे भरताना पडतो. त्या दिवशी पहिले २०० रुपये आत पोचले होते, फक्त पावती बाहेर आली नव्हती. मी दुसऱ्यांदा भरले, तेही पोचले.

ते परत मिळायला इतका वेळ का लागला, हेही मला नंतर कळलं. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार यूपीआयने पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली, पण घेणाऱ्याला ती मिळाल्याची खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ती आपोआप परत यायला हवी. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. पण हा नियम अयशस्वी व्यवहाराचा. आमचे दोन्ही व्यवहार बँकेच्या लेखी यशस्वीच होते! त्यामुळे आपोआप काहीच आलं नाही. लेखी अर्ज, दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक, पासबुकाची झेरॉक्स, असं करत पावणेदोन महिन्यांनी पैसे आले. तोवर ते मी त्या ताईंना माझ्या खिशातून दिले होते.

यंदा पुन्हा शेवटचा दिवस, पुन्हा संध्याकाळ, दुसऱ्या मुलाचे वडील आणि पैसे भरल्यावर तेच पान. 502. त्यांचं बोट रिफ्रेशकडे गेलं, तशी वर एक चौकट आली: `Confirm Form Resubmission`. म्हणजे 'तीच माहिती पुन्हा पाठवू का?' मी त्यांना Cancel दाबायला लावलं. आधी वेळ आणि पत्ता दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला. मग बँकेचा मेसेज पाहिला, तर २०० रुपये गेले होते. यूपीआय ॲपमध्ये व्यवहार यशस्वी दिसत होता, तिथला बारा आकडी क्रमांक वहीत लिहिला. नंतर ते पान बंद करून साईटवर नव्याने लॉगिन केलं आणि अर्जाची स्थिती उघडली. फी 'प्रलंबित'.

"सर, परत भरू का? बारा वाजता बंद होईल ना?"

खरं सांगतो, मलाही धीर धरवत नव्हता. घड्याळात साडेआठ झाले होते. मी म्हणालो, "दहापर्यंत थांबू. तोवर नाहीच झालं, तर मदत क्रमांकावर हा नंबर देऊ, आणि तरीही अडलं तर मगच दुसऱ्यांदा भरू. अर्ज बुडण्यापेक्षा ते बरं. पण आत्ता नको." आम्ही शाळेच्या पायरीवर बसलो. सव्वानऊला पुन्हा पाहिलं, तर फी 'जमा' आणि खाली पावतीचं बटण.

पावती छापायला प्रिंटरला शाई नव्हती. ती सकाळी छापली.