फाइल नवी की ग्राहक नवे?

आइंडहोवनच्या ऑफिसात सगळी अंतर्गत पत्रं डचमध्येच येतात. एका सकाळी एक ईमेल आला: ‘डे निउवे क्लांटेन बेस्टांड स्टाट इन डे माप.’ निउवे म्हणजे नवे, क्लांटेन म्हणजे ग्राहक, बेस्टांड म्हणजे फाइल, माप म्हणजे फोल्डर. शब्द सगळे ओळखीचे, पण वाक्य काही लागेना. ‘डे निउवे क्लांटेन’पर्यंत ते बिनचूक वाटतं: नवे ग्राहक. डचमध्ये अनेकवचनाला नेहमी ‘डे’च लागतं. पुढे मात्र ‘बेस्टांड’ एकटंच उभं, आणि क्रियापद एकवचनी. फोल्डरमध्ये नक्की काय ठेवलंय, ग्राहक की फाइल?

शेजारच्या डच सहकाऱ्याने पेन घेतलं आणि दोन शब्द जोडून टाकले: क्लांटेनबेस्टांड. मग ‘डे’ खोडून ‘हेट’ लिहिलं. ‘हेट निउवे क्लांटेनबेस्टांड’ म्हणजे ग्राहकांची नवी फाइल. जोडशब्दाचं लिंग शेवटचा घटक ठरवतो, आणि बेस्टांड नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘हेट’. हे मात्र मला चटकन पटलं. आपलंही देवघर ‘ते’च असतं, देव कितीही पुल्लिंगी असला तरी.

माझा खरा गोंधळ पुढचाच होता. नवे ग्राहक असलेली फाइल, असं म्हणायचं असेल तर? तर तिन्ही शब्द एकत्र: निउवेक्लांटेनबेस्टांड. व्याकरणाला चालतं, पण वाचायला जड, म्हणून तो म्हणाला, ‘हेट बेस्टांड मेट निउवे क्लांटेन’ असं मोकळं लिही. म्हणजे एका मोकळ्या जागेवर अर्थ अवलंबून, आणि ती जागा चुकली की शेवटचा शब्द दिसेनासा होऊन ‘डे’सुद्धा बरोबर वाटायला लागतं. तुटलेला शब्द आणि चुकलेलं आर्टिकल, मला या दोन चुका वेगळ्या वाटतच नाहीत. आणि लिंग चुकलं की विशेषणही घसरतं: ‘एक नवी फाइल’ म्हणताना ‘एन निउ क्लांटेनबेस्टांड’ हवं, ‘निउवे’ नाही.

शब्द तोडण्याची खोड डच माणसांनाही आहे. इंग्रजीत असे शब्द सुटे लिहितात, त्याचा हा परिणाम, म्हणून डच लोक तिला ‘इंग्रजी रोग’ म्हणतात. संगणकाची स्पेलिंग तपासणीही बहुतेकदा गप्प राहते, कारण तुटलेले दोन्ही तुकडे शब्द म्हणून बरोबरच असतात. कानाला मात्र कळतं. मोठ्याने वाचताना आघात पहिल्या घटकावर पडला, क्लांटेनबेस्टांड, तर तो जोडशब्द.

लिंगाला असा उपाय नाही. ‘-इंग’ने संपणारी नामं सहसा ‘डे’, ‘-ये’ने संपणारी लघुत्वदर्शक रूपं ‘हेट’, बाकी बहुतेक शब्द आर्टिकलसकटच पाठ करावे लागतात. आता woordenlijst.org उघडून मी जोडशब्दाचा फक्त शेवटचा घटक शोधते. बैठक ‘डे’ असली तरी अहवाल ‘हेट’, म्हणून बैठकीचा अहवालही ‘हेट’. प्रकल्प ‘हेट’, पण प्रकल्पप्रमुख ‘डे’.